माशाची थाळी की सुटे पदार्थ? पाच माणसांच्या एका बिलावरून पडलेला प्रश्न

तिसवाडीकर

मंडळी, गेल्या रविवारी सांगलीहून आलेले भाऊ-वहिनी, त्यांचा कॉलेजातला मुलगा, आई आणि मी असे पाच जण पणजीत दुपारी जेवायला गेलो. जागा साधी, स्वच्छ, गर्दीची. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका जागेचा नाही.

वहिनींना सगळे चाखून बघायचे होते, म्हणून थाळ्या न घेता सुटे मागवले. इसवण फ्राय दोन प्लेट (एका प्लेटमध्ये दोन तुकडे), बांगड्याचे हुमण दोन, तिसऱ्यांचे सुके एक, सुक्या सुंगटांची किसमूर एक, पाच भात, सहा चपात्या, पाच सोलकढ्या. बिल असे झाले:

इसवण ८४०, हुमण ४४०, तिसऱ्या २४०, किसमूर १२०, भात ३००, चपात्या ९०, सोलकढी २००. बेरीज २२३०. त्यावर ५ टक्के कर धरून २३४१ रुपये ५० पैसे.

त्याच फळ्यावर बांगडा थाळी २५० आणि इसवण थाळी ३८० लिहिली होती. शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या ताटात भात, हुमण, तळलेला बांगडा, वाटीभर तिसऱ्या, चिमूटभर किसमूर, कोबीची भाजी, लोणचे आणि सोलकढी असे सगळे होते. वर भात आणि हुमण तो पुन्हा पुन्हा मागून घेत होता. आमच्याकडे किसमूर अर्धी उरली, एक हुमण जवळजवळ तसेच राहिले, आणि इसवणाचे तुकडे मात्र चार, खाणारे पाच.

तर प्रश्न असा. पैसे, चवींची विविधता आणि पोट भरणे या तिन्ही बाबतींत आपल्याकडच्या मासळीच्या जेवणात थाळी खरोखर सरस आहे का? की ती फक्त भरलेली दिसते? ज्यांना आतली माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मांडवीकाठ

यात विचारण्यासारखे काय आहे? थाळी नेहमीच स्वस्त. गोव्यातला माणूस दुपारी सुटे मागवतच नाही. पाच बांगडा थाळ्या घेतल्या असत्या तर साडेबाराशेत सुटला असता. आणि थाळीवर जीएसटी लागत नाही, तो सुट्या पदार्थांवर लागतो. निदान मी जातो तिथे तरी कधी लावलेला नाही.

पुण्याची_मनीषा

मला तर अमर्यादित थाळीच आवडते. आमच्याकडे गुजराती-राजस्थानी थाळीत दोन गोड, तीन भाज्या, फरसाण, सगळे हवे तितके वाढतात. पोट भरले तरी वाढणारा ऐकत नाही. गोव्यात अशी थाळी कुठे मिळते? पुढच्या महिन्यात येतोय आम्ही.

तिसवाडीकर

मनीषाताई, शाकाहारी अमर्यादित थाळीचे गणित वेगळे आहे. तिथे सगळेच पुन्हा मिळते. इथली माशाची थाळी अर्धी अमर्यादित असते. भात आणि हुमणाचा रस हवा तेवढा, पण तळलेला मासा एकदाच. माझा प्रश्न तिथेच आहे. गोव्यात शाकाहारी थाळी हवी असेल तर पणजी-मडगावात उडुपी पद्धतीची हॉटेले पुष्कळ आहेत.

अंत्रूजचा

फोंड्यात आमच्या घरची खानावळ होती. आता बंद आहे, पण मी वाढप्यापासून गल्ल्यापर्यंत सगळे केले आहे. जरा लांबण लावतो, कारण थाळी कशी बनते हे कळल्याशिवाय ती परवडते का ते कळणार नाही.

सकाळी मासळी बाजारात जाताना खानावळीवाल्याच्या डोक्यात थाळीचा दर आधीच पक्का असतो. फळ्यावर २५० लिहिले आहे, ते आज मासळी महाग आहे म्हणून २९० करता येत नाही. रोजचा गिऱ्हाईक, म्हणजे बँकेतला, बस स्टँडवरचा, सरकारी कचेरीतला माणूस, दुसऱ्या दिवशी येणार नाही. म्हणून दर जागेवर राहतो आणि थाळीच्या आतले बदलते. बांगडा स्वस्त असला की मोठा बांगडा, अख्खा. महाग झाला की मध्यम. अगदीच मिळेना झाला तर लेपो, मांदेली किंवा वेर्ल्या. हुमणात परवा बांगड्याचे दोन तुकडे होते, आज बारीक मासळी असते. तिसऱ्या महागल्या की त्या वाटीत शिंपल्या कमी आणि खोबरे जास्त.

सुट्या पदार्थाचे याच्या उलट. तिथे पदार्थ ठरलेला आणि दर हलता. म्हणूनच चणक, पापलेट, मोठी सुंगटे यांच्यापुढे बरेच ठिकाणी आकडाच नसतो, आकारानुसार दर असे लिहितात. तुम्ही मासा बघता, वेटर दर सांगतो.

आता खर्चाचे. भाताचे एक ताट खानावळीला फार स्वस्त पडते. किलोभर तांदळात नऊ-दहा ताटे निघतात. हुमणाचा खर्च नारळात. एका नारळात पाचेक माणसांचे हुमण व्हायचे, तेही रस थोडा सैल ठेवून. पण एकदा मोठे भांडे चढले की त्यातून आणखी दोन वाढप गेले तरी फरक पडत नाही. म्हणून भात आणि रस पुन्हा देतात. ते तुम्हाला उदारपणा वाटते, खानावळीला ते सोसते. खरा खर्च तळलेल्या तुकड्याचा, तो म्हणूनच एकदाच.

आणि तुमच्या किसमुरीचे. थाळीतली चिमूटभर किसमूर हीच तिची बरोबर मात्रा आहे. ती भाताबरोबर दातांखाली कुरकुरीत लागावी एवढीच लागते. सुटी मागवली की डिशभर येते आणि पहिल्या पाच मिनिटांत खोबऱ्याचा ओलावा लागून मऊ पडते. उरणारच. किसमूर, लोणचे, तिसऱ्या, भाजी यांचे एका माणसापुरते माप सुटे विकतच कोणी देत नाही. थाळीतली विविधता तुम्हाला पैशांनी वेगळी विकत घेता येत नाही, हा तिचा खरा फायदा.

तिसवाडीकर

अंत्रूजचा, फारच नेमके लिहिलेत. हे फळ्यावरच्या दराबद्दल कोणी असे सांगितले नव्हते. आता पुढचा प्रश्न. मग आम्ही पाच इसवण थाळ्या घ्यायला हव्या होत्या का? १९०० अधिक कर, म्हणजे १९९५. सुट्यापेक्षा साडेतीनशे कमी, आणि प्रत्येकाला इसवणाचा तुकडा.

अंत्रूजचा

नाही. माझ्या मते इसवण थाळी हाच फळ्यावरचा सगळ्यात न परवडणारा मेळ आहे, बहुतेक जागी. कसा ते सांगतो, तुम्ही स्वतः ताडून बघा.

बांगडा थाळी २५०, इसवण थाळी ३८०. फरक १३० चा. बाकी वाट्या त्याच, भात तोच, हुमण बहुतेक तेच. म्हणजे १३० तुम्ही फक्त तुकडा बदलण्याचे देता. थाळीतला इसवणाचा तुकडा करंगळीएवढ्या जाडीचा असतो. कापणारा हात ठरलेला असतो, एका माशाचे किती तुकडे पाडायचे हे मालकाने सांगितलेले असते. असा तुकडा कच्चा असताना सत्तर ग्रॅम धरा. फ्रायच्या प्लेटमधला तुकडा अंगठ्याएवढा जाड, एकशेदहाच्या आसपास. प्लेटमध्ये दोन, म्हणजे सव्वादोनशेला थोडे कमी, ४२० रुपयांना.

इसवण किलोला ७०० असेल तर डोके, शेपूट, आतडी गेल्यावर पाऊण किलोच तुकडे निघतात, म्हणजे तुकड्यांचा भाव साडेनऊशेच्या जवळ. थाळीतला तुकडा खानावळीला ६५ रुपयांना पडतो. बांगडा दोनशे रुपये किलो आणि किलोला सहा, म्हणजे तेहतीस. खर्चातला फरक तीस-बत्तीस, तुमच्याकडून घेतले १३०. आणि तुम्ही एक अख्खा बांगडा गमावलात, तो वेगळाच.

मी असतो तर पाच बांगडा थाळ्या आणि मध्ये इसवण फ्रायची एक प्लेट. १२५० अधिक ४२०, १६७०. कर धरून १७५३ रुपये ५० पैसे. तुमच्या बिलापेक्षा पावणेसहाशेने जास्तच वाचले, आणि ताटात प्रत्येकी बांगडा असून वर इसवणाचे दोन जाड तुकडे पाचात वाटून. चव बघायला तेवढे पुरते.

ही माझ्या धंद्याच्या वेळची मापे आहेत, हे लक्षात ठेवा. काही ठिकाणी इसवण थाळीत हुमणही इसवणाच्या डोक्याचे देतात. डोक्याचे हुमण मिळत असेल तर १३० मी आनंदाने देईन. ऑर्डर देण्याआधी विचारायचे, "हुमण कसले?" एवढाच प्रश्न.

म्हापशाची_बाई

मला मधुमेह आहे, शाळेत शिकवते, दुपारचे जेवण बाहेर होते. या चर्चेत पोट भरणे म्हणजे भात असे सगळे धरून चाललेत म्हणून लिहिते.

थाळीत माझ्यापुढे भाताचा ढीग येतो, त्यातला मी एक चतुर्थांश खाते. पुन्हा भात मिळतो याचा मला काय उपयोग? माझ्यासाठी थाळीची किंमत म्हणजे एक बांगडा, एक वाटी तिसऱ्या आणि भाजी. २५० मध्ये ते महाग आहे की नाही मला कळत नाही, पण सुट्यात तरी स्वस्त पडत नाही. मी करते ते असे. बसल्याबरोबर सांगते की भात अर्धा वाढा, आणि बदल्यात एक चपाती द्या. म्हापशात ज्या दोन ठिकाणी जाते तिथे नेहमीच्या ओळखीने देतात. अनोळखी जागी चपातीचे वेगळे पैसे लावतात.

भात उकडा आहे का पांढरा, हेही विचारते. उकडा थोडा खाल्ला तरी संध्याकाळपर्यंत टिकतो आणि साखर पांढऱ्याइतकी झपकन चढत नाही, हे मी माझ्या घरच्या मशिनवर बघितले आहे. पण हा माझा अनुभव, प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारावे. उकड्याचा दाणा जाड, त्याला हुमण चिकटत नाही म्हणून पाहुण्यांना आवडत नाही, आणि मग पर्यटकांच्या जागी तो मिळतच नाही.

तिसवाडीकर, तुमच्या आईंनी किती खाल्ले? वयस्कर माणसांसाठी अख्खी थाळी घेणे मला बरोबर वाटत नाही. अन्न टाकले जाते.

तिसवाडीकर

बाई, आईने एक चपाती, दोन घास भात आणि इसवणाचा तुकडा खाल्ला. सोलकढी मात्र सगळी प्याली. तुमचा मुद्दा पटला. पुतण्या याच्या दुसऱ्या टोकाला. त्याने तीन भात घेतले असते, पण सुट्यात प्रत्येक भाताचे ६० म्हणून त्याची आई "पुरे आता" म्हणत राहिली.

सासष्टीकार

मी मडगावचा. सगळ्यांशी थोडा असहमत.

थाळीत विविधता आहे असे म्हणता, पण ती कोणती? पणजी, मडगाव, म्हापसा, कुठेही जा, हुमण, तिसऱ्या, किसमूर, तळलेला तुकडा, कोबी. ताट बदलते, चव तीच. आमच्या जेवणातल्या ज्या गोष्टी मला पाहुण्यांना खायला घालाव्याशा वाटतात त्या थाळीत येतच नाहीत. मोरीचे आंबट-तीख, बांगड्याची उड्डामेथी, रेशाद मसाला भरलेला बांगडा, काल्वांचे सुके. पावसाळ्यात अळम्यांचे तोणाक. याला वेळ लागतो, माल रोज मिळत नाही, म्हणून अडीचशेच्या थाळीत ते बसत नाही. विविधता पाहिजे तर सुटेच मागवायला लागेल, पैसे जास्त जातील, ते द्यावेत.

पण मागवताना पद्धत पाहिजे. तिसवाडीकरांच्या वहिनींची यादी बघा. हुमण दोन, भात पाच, सोलकढी पाच, चपात्या सहा. यात वेगळे काय आले? थाळीतलेच सगळे तुकड्या-तुकड्याने विकत घेतले. १०३० रुपये फक्त हुमण, भात, चपाती आणि सोलकढीचे, अर्ध्याच्या जवळ बिल. थाळीत जे फुकटासारखे मिळते ते सुटे घ्यायचे आणि जे थाळीत मिळत नाही ते घ्यायचेच नाही, हे सगळ्यात महाग पडते.

मी पाच जणांसाठी असे करतो. तीन-चार थाळ्या, आणि थाळीत न येणारे एक-दोन पदार्थ. रात्री असाल तर प्रश्नच मिटला, कारण बऱ्याच जागी थाळी दुपारी साडेबारा ते तीन-साडेतीन एवढीच असते. हुमणाचे भांडे संपले की थाळी संपली. रात्री मी तर भाताच्या भानगडीत पडत नाही. पोई मागवतो, आणि रेशाद बांगड्याच्या मसाल्यात ती बुडवून खातो. दोन पोई आणि एक मासा, जेवण झाले.

मांडवीकाठ

सासष्टीकार, तीन-चार थाळ्या आणि खाणारे पाच हे गणित सगळीकडे चालत नाही. "माणशी एक ताट" असे भिंतीवर लिहिलेले असते. एका थाळीत दोघांनी खायचे नाही. माझ्या मेहुण्याला असेच उठवले होते, भांडण झाले. त्यापेक्षा सरळ पाच थाळ्या घ्या आणि गप्प जेवा.

हिशेबनीस_पर्वरी

मधेच बोलतो, कारण वर कराबद्दल लिहिलेले तसेच राहिले तर लोक भांडायला जातील.

थाळीवर जीएसटी नाही असे काही नसते. जेवण थाळीत असो वा सुटे, साध्या रेस्टॉरंटला दर ५ टक्केच. मांडवीकाठ यांचा अनुभव खरा असू शकतो, पण कारण वेगळे. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेली छोटी खानावळ कंपोझिशन योजनेत असू शकते. तिला आपल्या उलाढालीवर कर भरावा लागतो, पण गिऱ्हाइकाकडून तो वेगळा घेता येत नाही. तिथे थाळीवरही नाही, इसवण फ्रायवरही नाही. अशा जागा बहुधा थाळीच्याच असतात म्हणून तसे वाटते.

आणखी एक गैरसमज ऐकतो, वातानुकूलित भागात १८ टक्के लागतात असा. नोव्हेंबर २०१७ पासून हा फरक राहिलेला नाही, दोन्हीकडे ५. महागड्या निवासी हॉटेलांच्या आतली रेस्टॉरंट सोडून. वातानुकूलित खोलीत बिल जास्त येते ते मेनू कार्डच वेगळे असते म्हणून. दोन्ही कार्डांवर थाळीचा दर बघा, कित्येकदा आतल्या कार्डावर थाळीच नसते. सेवा शुल्क मात्र तुमच्या मर्जीचे, सांगून काढून घेता येते.

मांडवीकाठ

बरे, कराचे मान्य. माहीत नव्हते. थाळी स्वस्त हे तरी मान्य करा सगळे.

म्हापशाची_बाई

माझ्यासाठी नाही, हे वर लिहिलेच आहे.

पेडणे_ते_पत्रादेवी

कुठल्या महिन्यात जेवलात हे कोणी विचारत नाही का? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्या ६१ दिवसांत छोट्या होड्यांची, नदीची मासळी येते ती थोडी, आणि बाकी बर्फातली किंवा बाहेरून आलेली. अंत्रूजचा म्हणाले तसा थाळीचा दर तोच राहतो, मग त्या दिवसांत थाळीतला तुकडा कुठून येतो याचा विचार करा. मी जून-जुलैत माशाची थाळी खातच नाही. घेतली तर सुकी मासळी, किंवा नदीचा शेवटा बघून सुटा. श्रावण लागला की आमच्या घरी प्रश्नच नसतो, गणेश चतुर्थीपर्यंत शिवराक जेवण. त्या काळात खानावळीत शाकाहारी थाळी उत्तम असते, आळसाण्यांचे तोणाक, खतखते, मुगागाठी. माशाच्या थाळीत कोबीवर भागवणारे तेच स्वयंपाकी श्रावणात मन लावून भाज्या करतात. तेव्हा विविधता थाळीत नसते म्हणणाऱ्यांनी श्रावणात जेवून बघावे.

सासष्टीकार

हे मान्य. श्रावणातल्या थाळीला माझा शब्द मागे.

तिसवाडीकर

पेडणेकर, बर्फातला तुकडा ओळखायचा कसा? थाळीत तर तो रव्यात गुंडाळलेला येतो. अंत्रूजचा, तुम्ही सांगा.

अंत्रूजचा

ओळखता येतो, पण ताट पुढे आल्यावर. म्हणून पहिली थाळी आली की बघा आणि मग बाकीच्या सांगा, गर्दी नसेल तर तसे करता येते.

बांगडा मध्ये बोटाने दाबून उघडा. ताजा असेल तर मांस ओलसर पदरांनी सुटते, काट्यापासून साफ निघते. बरेच दिवस बर्फात राहिलेला असेल तर त्याचा भुगा होतो, पिठासारखा, आणि काट्याला चिकटून राहतो. इसवणाचा शिळा तुकडा कोरडा, दोऱ्या-दोऱ्यांचा लागतो. वास मसाल्याने झाकता येतो, हा पोत झाकता येत नाही.

रवा बघा. तुकड्यापेक्षा रवा जाड असेल, कडेला नुसत्या रव्याची झालर असेल, तर आत तुकडा बारीक आहे. सकाळीच तळून ठेवलेला असेल तर वरचा रवा कडक आणि आतून गार. तो परत तळला की तेल पितो. वाढप्याला स्पष्ट सांगावे, "तळलेला आता काढलेला दे, थांबतो." थाळीच्या गिऱ्हाइकाला घाई असते म्हणून आधी तळून ठेवतात, थांबायला तयार असणाऱ्याला ताजे मिळते. सुटी प्लेट बहुतेक वेळा ऑर्डरनंतरच तव्यावर जाते, तिच्या जास्त पैशांत हेही धरायला हवे. मघाच्या माझ्या हिशेबात ते धरले नव्हते.

हुमणाचे म्हणाल तर वेळ महत्त्वाची. बाराच्या सुमारास हुमण चांगले मिळते, तेफळांचा वास जिवंत असतो. अडीचनंतर तेच भांडे तिसऱ्यांदा उकळलेले असते. खोबरे फुटते, वर तेल आणि खाली चोथा, मासा विरघळलेला. एक वाजता २५० ची थाळी मला स्वस्त वाटते, तीन वाजता तीच थाळी मी घेणार नाही, सुटे काहीतरी तळून मागेन.

मांडवीकाठ, माणशी एक ताटाचा नियम खरा आहे आणि आमच्याकडेही होता. एका थाळीत दोघे बसले की भात आणि रस दोघांना जातो, पैसे एकाचे येतात. पण जो सुटे मागवून खातोय, त्याला त्याच टेबलावर आम्ही कधी अडवले नाही. आई चपाती आणि फ्राय खात असतील आणि बाकी चौघे थाळी, तर ते चालायचे. त्यांनी लेकाच्या ताटातले हुमण चमचाभर घेतले तर कोण बघतो?

मांडवीकाठ

तुमच्याकडे चालले असेल. पणजीत हल्ली सगळीकडे नाही चालत. बसायच्या आधी विचारा.

म्हापशाची_बाई

विचारण्याबद्दल माझाही तोच अनुभव आहे. काही ठिकाणी लहान मुलालाही अख्खी थाळी घ्यायला लावतात.

तिसवाडीकर

सगळ्यांचे आभार. भाऊ-वहिनी बुधवारपर्यंत आहेत. मंगळवारी दुपारी त्यांना घेऊन परत जायचे ठरवले आहे, पण साडेबाराला, तीनला नाही. चार बांगडा थाळ्या १०००, इसवण फ्रायची एक प्लेट ४२०, आईसाठी दोन चपात्या ३० आणि सोलकढी ४०. १४९०, कर धरून १५६४ रुपये ५० पैसे. सासष्टीकार म्हणतात तसे त्यात एक रेशाद बांगडा किंवा आंबट-तीख घातले तरी मागच्या बिलाच्या खालीच राहू. आई हुमणाशिवाय जेवेल का, हा प्रश्न आहे. तिला विचारले तर म्हणते मला काही नको, आणि मग भावाच्या ताटातून घेते.

आंबट-तीख दुपारी ताजे कुठे मिळेल, पणजीत किंवा पलीकडे बेती-पर्वरीकडे? कोणाला खात्रीने माहीत असेल तर सांगा.

सासष्टीकार

पणजीचे मला माहीत नाही, मडगावला या, घेऊन जातो. मोरी बाजारात आली आहे का हे सकाळी बघावे लागेल. नसेल तर ते वाघळीचे करतात, तेही वाईट नसते.

हिशेबनीस_पर्वरी

पर्वरीत एक जागा आहे, पण तिथे मंगळवारी मासे नसतात की सोमवारी, नक्की आठवत नाही. उद्या जाताना बघून इथे लिहितो.